नीलामावशीच्या चॅनलचे हजार आणि आभाराचा व्हिडिओ (घरच्या ग्रुपवरून)

नीलामावशी: सगळ्यांना नमस्कार 🙏 आज माझ्या स्वयंपाकाच्या यूट्यूब चॅनलवर हजार सबस्क्रायबर झाले. आभाराचा छोटा व्हिडिओ करायचा म्हणते. केदारने पुण्याहून मजकूर लिहून पाठवलाय, खाली टाकते. वाचून खरं खरं सांगा, मग रविवारी रेकॉर्ड करू.

"नमस्कार मित्रांनो, आज माझ्यासाठी खूप मोठा दिवस आहे. आपल्या चॅनलने एक हजार सबस्क्रायबरचा टप्पा पार केला. तुमच्या प्रेमाशिवाय हे शक्यच नव्हतं. तुम्ही माझं कुटुंब आहात. असंच प्रेम राहू द्या. लाइक करा, शेअर करा, घंटा दाबा. आता दर आठवड्याला दोन नवे पदार्थ घेऊन येईन."

अविनाशमामा: नीला, मनापासून अभिनंदन! छान लिहिलंय केदारने. आता पैसे सुरू होतील ना? तेही सांगून टाक, लोकांना आनंद होईल.

मृणाल: मामा, अजून नाही हो. जाहिरातींच्या पैशांसाठी हजार सबस्क्रायबर ही एकच अट नाही. त्यासोबत मागच्या १२ महिन्यांत ४,००० तास बघितले गेलेले असावे लागतात, नाहीतर ९० दिवसांत शॉर्ट्सना १ कोटी व्ह्यू. ४,००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटं. एक माणूस सरासरी चार मिनिटं बघतो असं धरलं तरी ६०,००० वेळा व्हिडिओ बघितले गेले पाहिजेत, आणि शॉर्ट्सच्या फीडमध्ये बघितलेला वेळ यात धरत नाहीत. मावशीचे तास अजून बरेच कमी आहेत. म्हणून आभाराच्या व्हिडिओत पैशांचा विषयच नको.

अविनाशमामा: बरं झालं विचारलं. मग नको.

मृणाल: केदारदादा, राग मानू नकोस. वाक्यं चांगली आहेत, पण हाच मजकूर मोबाइल दुरुस्तीच्या चॅनलवरही जसाच्या तसा चालेल. यात इंदूर नाही, मावशीचं स्वयंपाकघर नाही, आणि बघणाऱ्यांनी नेमकं काय केलं तेही नाही. "तुमच्या प्रेमाशिवाय" ऐकून कोणालाच वाटत नाही की हे मला उद्देशून आहे. मावशी, कोणाच्या कॉमेंटमुळे तुमचा एखादा पदार्थ बदललाय का?

नीलामावशी: हो तर. भुट्ट्याच्या किसाच्या व्हिडिओखाली ग्वाल्हेरच्या एका बाईंनी लिहिलं होतं की दूध आटलं तरी कीस कोरडा आणि दाताखाली कच्चा लागतो. मी विचारलं, कणीस कसं होतं? तर म्हणाल्या, निबर. मी आपल्या कोवळ्या भुट्ट्याच्या अंदाजाने दोन वाट्या किसाला एक वाटी दूध सांगितलं होतं. निबर दाणा दूध जास्त पितो आणि शिजायलाही वेळ घेतो. मग मी त्यांना दीड वाटी दूध दोनदा विभागून घालायला सांगितलं, पहिलं मुरलं की दुसरं, मंद आचेवर झाकण ठेवून. आणि लिंबू गॅस बंद केल्यावरच, नाहीतर दूध फाटतं. त्यांचा झाला छान. आता प्रत्येक वेळी मी आधी दाणा नखाने टोचून बघायला सांगते. दुधासारखा रस उडाला तर कोवळा.

श्रद्धा: आई, हाच तुमचा व्हिडिओ आहे! बाकी काही नको.

मृणाल: अगदी. ही एक गोष्ट नीट सांगितली की हजारातल्या प्रत्येकाला कळेल की कॉमेंट वाचल्या जातात. फक्त त्या बाईंचं नाव घ्यायचं असेल तर आधी कॉमेंटला उत्तर देऊन विचारा. कॉमेंट सगळ्यांना दिसते हे खरं, पण कॅमेऱ्यासमोर नाव घेतलेलं सगळ्यांनाच आवडतं असं नाही. उत्तर आलं नाही तर "ग्वाल्हेरच्या एक ताई" एवढं पुरे.

केदार: राग कसला, पटलं. लाइक-शेअरची ओळ काढतो. पण आठवड्याला दोन पदार्थ राहू दे ना?

श्रद्धा: नको. दिवाळीत आईंना फराळाच्या ऑर्डर असतात, दोन आठवडे व्हिडिओ होतच नाही. जे ठरलेलंच आहे तेवढं सांगावं. थंडीत गराडूचे कंद बाजारात आले की तो व्हिडिओ होणारच आहे, तेच सांगा.

मृणाल: वेळ दीड मिनिटाच्या आत ठेवू. निवांत बोललं तर मिनिटाला साधारण ११० ते १२० शब्द होतात. हा व्हिडिओ जुन्या लोकांसाठी आहे. कीस शोधत पहिल्यांदा येणाऱ्याला त्याचं काही नाही, म्हणून चॅनलच्या पानावर सगळ्यात वर लावायचा नाही. तिथे किसाचाच राहू दे. मी लिहून बघितलंय, मावशी, मोठ्याने वाचून बघा. जीभ अडखळेल तिथे शब्द तुमचा घाला.

"नमस्कार, मी नीला, इंदूरहून. आपण हजार जण झालो, त्याबद्दल मनापासून आभार.

सुरुवातीला बघणारे बहुतेक घरचेच होते. मग ओळख ना पाळख अशी माणसं लिहायला लागली. ग्वाल्हेरच्या एक ताई म्हणाल्या, तुमच्यासारखा केला, पण कीस कच्चा राहिला. त्यांचं कणीस निबर होतं, आणि निबर दाण्याला दूध किती लागतं हे मी सांगितलंच नव्हतं. त्यांनी विचारलं म्हणून आता मी प्रत्येक वेळी आधी दाणा टोचून दाखवते. ही शिकवण त्यांची आहे.

तुमच्यापैकी कितीतरी जणांनी असंच विचारलंय. मी कॉमेंट स्वतः वाचते. उत्तराला कधी उशीर होतो, पण वाचते.

थंडी पडली आणि बाजारात चांगले गराडू आले की गराडू तळू, वरून जिरावण मसाला घालून. तोवर तुमच्याकडे कणीस कसं मिळतं, कोवळं की निबर, आणि तुम्ही दूध किती घालता ते मला लिहा. आभार."

नीलामावशी: मृणाल, डोळ्यात पाणी आलं गं. वाचून बघितलं, सव्वा मिनिटाच्या आत होतंय. फक्त "शिकवण" म्हणताना मी अडखळते. "हे मला त्यांनी शिकवलं" असं म्हणते.

मृणाल: तेच जास्त चांगलं. शेवटी प्रश्न मुद्दाम ठेवलाय. "कॉमेंट करा" म्हटलं तर लोक "छान" लिहून जातात. कणसाबद्दल विचारलं तर ज्याने कीस केलाय तो लिहितोच, आणि त्यातून पुढचा व्हिडिओही मिळतो.

अविनाशमामा: मी आपल्या मराठी समाजाच्या दोन-तीन ग्रुपवर टाकू का, "तुम्ही आमचं सबस्क्राइब करा, आम्ही तुमचं करतो"? आकडा भराभर वाढेल.

मृणाल: मामा, तेवढं नको. असा अदलाबदलीचा व्यवहार यूट्यूबच्या नियमात बसत नाही. आणि अशी आलेली माणसं कीस बघणारही नाहीत. नुसता व्हिडिओ पाठवा, ज्याला आवडेल तो राहील. मावशी, अजून एक. रेकॉर्ड झाल्यावर लगेच टाकू नका. बंद पडलेली आणि बनावट खाती यूट्यूब मधूनमधून काढतं, त्यामुळे आकडा हजाराच्या खाली घसरू शकतो. दहा-पंधरा वर गेले की टाकू, म्हणजे बघणाऱ्याला खाली ९९८ दिसून गोंधळ होणार नाही.

श्रद्धा: रेकॉर्डिंग मी करते. आई, बोलताना कढईत काही चढवायचं नाही, तळण्याच्या आवाजात बोलणं बुडतं. एक्झॉस्टही बंद. फोन हातभर अंतरावर, ओट्याच्या खिडकीकडे तुमचं तोंड. सकाळी नऊला ऊन तिथे बरोबर येतं.

नीलामावशी: चालेल. कागद बघून वाचणार नाही, चार मुद्दे फ्रिजवर लावते. ग्वाल्हेरच्या ताईंना आत्ताच विचारते नाव घेऊ का म्हणून.

केदार: आई, झाल्यावर आधी अनलिस्टेड टाकून लिंक इथे पाठव. आवाज मी हेडफोन लावून तपासतो, मग पब्लिक कर.