मदत हवी आहे: वृत्तचितीवरचा सर्वांत जवळचा मार्ग झाकणावरून जातो का?

टेबलावर उभी बंद वृत्तचिती आहे. त्रिज्या ७ सेमी, उंची १० सेमी. A खालच्या कडेवर, B वरच्या कडेवर, बरोबर विरुद्ध बाजूला. पृष्ठभाग न सोडता A पासून B पर्यंतचा सर्वांत लहान मार्ग शोधायचा आहे. तळाखालून जाता येत नाही.

वक्र पृष्ठभाग उभा कापून उलगडला की आयत मिळतो. B अर्ध्या परिघावर, म्हणजे २२ सेमी आडवा आणि १० सेमी वर येतो. सरळ रेष √(१०० + ४८४), सुमारे २४.१७ सेमी. गुंडाळल्यावर हीच रेष मळसूत्रासारखी दिसते. डावीकडून किंवा उजवीकडून गेलं तरी लांबी तीच.

पण सरळ वर चढून झाकणाच्या व्यासावरून गेलं तर १० + १४ = २४ सेमी. म्हणजे उलगडण्याची पद्धत इथे चक्क हरते! दोन्ही लांबी समान धरल्या तर h = r(π² − ४)/४ येतं, म्हणजे साधारण १.४७r, त्याहून उंच चितीत तिरकी रेष जिंकते.

आता अडलंय ते मिश्र मार्गावर: φ कोनातून तिरकं चढायचं, मग झाकणावरच्या जीवेने B गाठायचं.

L = √(h² + r²φ²) + 2r cos(φ/2)

φ = ९०° ला २४.७७ सेमी येतात, दोन्हींपेक्षा जास्त. अवकलन शून्य धरल्यावर h/r = φ cot(φ/2) मिळतं, पुढे सुचत नाही. आकडे घालून पाहणं नको, सिद्धता हवी: कोणत्याही h साठी मिश्र मार्ग सर्वांत लहान ठरू शकतो का?