'आपली माणसं' ग्रुप : प्राजूच्या अर्जावरून रात्री झालेलं बोलणं

बाळूकाका मोशी, ९:१२
प्राजूने चाकणच्या कंपनीसाठी लिहिलेलं पत्र बघितलं. वाईट वाटलं म्हणून इथेच लिहितो. तिसऱ्या ओळीत "राहण्याची सोय मोशीला काकांकडे आहे" असं टाकलंय. मला किंवा सुनीताला एका शब्दाने कोणी विचारलं का?

दादा लातूर, ९:१५
बाळू, चूक माझी. मीच तिला तसं लिही म्हणालो. सख्ख्या काकाचं घर आहे म्हणून विचारायचं सुचलंच नाही.

बाळूकाका मोशी, ९:१७
घर वन बीएचके आहे, दादा. आदित्यची दहावी आहे. मागे दोन महिने म्हणून आलेलं माणूस अकरा महिने राहिलं होतं, ते विसरलो नाही आम्ही.

छाया आत्या, ९:१८
नाव घेऊन बोल ना. माझाच मुलगा होता तो.

आप्पा, ९:२०
लातूरलाच रेल्वे डब्यांचा कारखाना आहे. पोरीला पुण्याला कशाला धाडायचं?

प्राजू, ९:२४
काका, सॉरी. ती ओळ लगेच काढते. पण मग "सोय आहे" असं कुठलं लिहू? जाहिरातीत क्वालिटी इन्स्पेक्टर हवा आहे आणि लगेच रुजू होणारा हवा असं आहे. मी पत्रात लिहिलंय : मी मेहनती व प्रामाणिक आहे, भारतात कुठेही स्थलांतर करायला तयार आहे, घरची परिस्थिती बेताची असल्याने संधी द्यावी.

बाळूकाका मोशी, ९:३१
रागावलो ते तुझ्यावर नाही, बाळा. आता ऐक, कारण आमच्या प्लांटला ट्रेनी घेताना फाईली माझ्याकडेच येतात. "कुठेही जायला तयार" हे दहातल्या आठ पत्रांत असतं. वाचणाऱ्याच्या मनात एकच भीती असते : चार महिने शिकवायचं, मशीन हातात द्यायची आणि पोरगं दिवाळीला गावी गेलं की परत यायचं नाही. त्याचं कारण बहुतेक वेळा पगार नसतो, राहायची जागा धड नसते हे असतं. म्हणून तुझी तयारी कळली पाहिजे ती तारखेने आणि जागेने. कुठल्या दिवशी येणार, कुठे राहणार, आत्ताचं काम कधी सुटणार.

सचिन, ९:३३
काका, तुमचं भाषण पीएफमध्ये धरतात का? 😄

सुनीता काकू, ९:३४
सचिन, तू चार नोकऱ्या सोडल्यास. गप वाच.

आप्पा, ९:३५
लातूरलाच रेल्वे डब्यांचा कारखाना आहे. विचार करा.

प्राजू, ९:३७
आप्पा, तिथेही अर्ज टाकलाय.

काका, आत्ताच्या वर्कशॉपमध्ये मालकांना पंधरा दिवस आधी सांगायचं ठरलंय. मुलाखत लवकर झाली तर ३ ऑगस्टला रुजू होता येईल.

बाळूकाका मोशी, ९:४०
मग तेच लिही. "सध्याच्या कामात पंधरा दिवसांची पूर्वसूचना द्यायची आहे, त्यानंतर ३ ऑगस्टपासून रुजू होऊ शकते." आणि मुलाखतीचं वेगळं : "एक दिवस आधी कळवल्यास लातूरहून रात्रीच्या बसने निघून सकाळी हजर राहीन." बाहेरगावच्या उमेदवाराला फोन करावा की नको, इथेच ते अडतात. यायला आठवडा लागेल असं धरतात आणि जवळच्याला बोलावतात.

"घरची परिस्थिती बेताची" काढ. ते खरं आहे, आपल्याला माहीत आहे, पण त्यांना त्यातून तुझं काम कळत नाही.

दादा लातूर, ९:४२
मग काय लिहायचं तिने? पोरगी तीन वर्षं डिप्लोमा करून आता लेथवाल्यांत दिवसभर उभी असते, ते तरी लिहायचं की नाही?

बाळूकाका मोशी, ९:४३
तेच तर हवंय, दादा! पत्रात ते कुठंच नाही. प्राजू, तिथे नेमकं काय मोजतेस?

प्राजू, ९:५१
डाळ मिलच्या मशीनचे शाफ्ट. बेअरिंग ६२०५ बसतं तिथली सीट २५ मि.मी.ची. ड्रॉइंगवर २५.००२ ते २५.०१५ असं माप आहे, म्हणजे खेळ फक्त तेरा मायक्रॉनचा. आधी सगळे ०.०१ च्या मायक्रोमीटरने बघायचे, त्यावर तेरा मायक्रॉनचं नीट कळत नाही. मालकांना सांगून एक मायक्रॉनचं घेतलं. तरी काही शाफ्टवर बेअरिंग ढिलं बसायचं. मग लक्षात आलं की लेथवरून उतरवल्या उतरवल्या मोजतात. शाफ्ट गरम असतो. खोलीपेक्षा तीसेक अंश गरम असला तर आठ-नऊ मायक्रॉन जास्त भरतो. त्या वेळी २५.००८ म्हणून पास केलेला थंड झाला की २५.००० च्या खाली येतो. आता मी रॅकवर ठेवून अर्ध्या तासाने मोजते, वहीत नग नंबर घालून.

बाळूकाका मोशी, ९:५४
प्राजू. हे पत्रात का नाही?

प्राजू, ९:५५
मला वाटलं ते छोटं वर्कशॉप आहे. पुण्याच्या कंपनीला त्याचं काय.

बाळूकाका मोशी, ९:५८
इन्स्पेक्टरच्या पत्रात एवढं एक असलं तरी मी फाईल बाजूला काढून ठेवतो. हाच पहिला परिच्छेद कर, चार ओळींत. त्या वहीच्या एका पानाचा फोटो मुलाखतीला ने, पण मालकांना विचारून, आणि गिऱ्हाइकाचं नाव झाकून.

छाया आत्या, १०:०१
आणि राहायचं? सगळे मायक्रॉनवर गेले. लेकरू झोपणार कुठे?

आप्पा, १०:०२
म्हणून म्हणतो, लातूरलाच रेल्वे डब्यांचा कारखाना आहे.

सुनीता काकू, १०:०९
मी आत्ताच आमच्या मागच्या गल्लीतल्या मुलींच्या पीजीत फोन केला. दोन वेळच्या जेवणासह महिना ७,०००, डिपॉझिट तेवढंच. कंपनीची बस हायवेला थांबते, तिथून पायी जवळ आहे. रात्रपाळीच्या मुलींना दार उघडून देतात, ते मुद्दाम विचारलं. प्राजू, आधी येऊन डोळ्यांनी बघ, मगच पत्रात "मोशी येथे मुलींच्या वसतिगृहात राहण्याची सोय केली आहे" असं लिही. न बघता लिहू नकोस, मुलाखतीत विचारतात. पहिले आठ दिवस आमच्याकडे राहा. आठ म्हणजे आठ, हे आत्ताच बोललेलं बरं.

दादा लातूर, १०:१२
वहिनी, फार मोठं काम केलंत.

बाळूकाका मोशी, १०:१५
दादा, पैशाचंही बघून ठेव. ३ ऑगस्टला लागली तर पहिला पगार सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात. तोवर ऑगस्टचे ७,०००, डिपॉझिट ७,०००, सप्टेंबरचं भाडं १ तारखेला आणखी ७,०००. बस, मोबाईल, बूट धरून २५,००० हाताशी हवेत. पत्रात यातलं काही लिहायचं नाही, आणि कंपनीकडे ॲडव्हान्सही मागायचा नाही. हे पैसे नसतात म्हणूनच पोरं पंचविसाव्या दिवशी घरी पळतात.

दादा लातूर, १०:१७
सोयाबीनचे थोडे ठेवलेत. होईल.

सचिन, १०:१८
तीन हजार माझे. आणि पाळीचं लिहिलंस का गं? तिन्ही पाळ्या चालतील का, ते पहिल्याच फोनवर विचारतात.

प्राजू, १०:३६
लिहिलं. इंग्रजीतलं उद्या टाकते, आप्पांसाठी शेवट मराठीत देते :

"सध्या लातूर येथे राहते. मोशी येथील वसतिगृह रविवारी प्रत्यक्ष पाहून निश्चित करत आहे. ३ ऑगस्टपासून रुजू होऊ शकते. तिन्ही पाळ्यांत काम करण्याची तयारी आहे. एक दिवस आधी कळवल्यास मुलाखतीस हजर राहीन."

बाळूकाका मोशी, १०:३८
रविवारी जागा बघून झाली की "निश्चित केले आहे" कर आणि सोमवारी सकाळीच पाठव. शनिवारी रात्रीची गाडी धर, घ्यायला मी येतो.

छाया आत्या, १०:४०
बाळू, ते अकरा महिन्यांचं वर लिहिलंयस ते काढ. माझ्या सुनेचे भाऊ आहेत ग्रुपवर.

बाळूकाका मोशी, १०:४१
*हा मेसेज डिलीट केला आहे*

छाया आत्या, १०:४३
सगळ्यांचं वाचून झाल्यावर. असो. प्राजू, शनिवारी निघताना माझ्याकडून काकूसाठी शेंगदाण्याची चटणी घेऊन जा.