मदत हवी आहे: प्रिंटरच्या एएमसीसाठी पत्र लिहिलंय, तपासून द्याल का?

ऑफिसवाली_अंबड: अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीचं ऑफिस मी सांभाळते. चार लेझर प्रिंटर आहेत. दर खेपेला ५०० रुपये व्हिजिट, पार्टचे वेगळे. गेल्या वर्षी व्हिजिटचे ७,००० आणि पार्टचे ११,००० गेले. डिस्पॅचचा प्रिंटर बसला की चलन निघत नाही आणि भरलेली गाडी गेटवर अडकते. म्हणून नेहमीच्या दुरुस्तीवाल्यांनाच हे पत्र द्यायचंय:

"महोदय, प्रत्येक दुरुस्तीचे पैसे वेगळे देण्याऐवजी चारही प्रिंटरसाठी एक वर्षाचा देखभाल करार करावा, असा आमचा प्रस्ताव आहे. प्रति प्रिंटर २,५०० रुपये देण्याची तयारी आहे. तक्रार कळवल्यावर लवकरात लवकर यावे."

गोदाकाठ: १८,०००चं काम १०,०००मध्ये! लगेच सही घ्या.

सातपूरचा_मेकॅनिक: थांबा. पार्ट धरलेत असं पत्रात कुठेच नाही. ते पार्टशिवाय समजून हो म्हणतील. मग व्हिजिटच्या ७,०००ऐवजी १०,००० जातील, पार्टचे ११,००० आहेतच, शिवाय त्यांचा जीएसटी नंबर असेल तर १८ टक्के वर. पार्टसहित दर मागा आणि फ्यूजर, पिकअप रोलर ही नावं लिहा, कारण वाद तिथेच होतो. डिस्पॅचच्या प्रिंटरची छपाई बोटाने पुसली जाते का?

ऑफिसवाली_अंबड: हो! चलनावरचे आकडे हाताला लागतात.

सातपूरचा_मेकॅनिक: मग फ्यूजर गेलाय असं वाटतं, टोनर नीट भाजला जात नाही. पार्टसहित करार करणारा आधी मशीन तपासतो आणि जुना बिघाड तुमच्या खर्चाने काढायला लावतो. म्हणून पत्रातच तपासणीला बोलवा आणि प्रत्येक प्रिंटरचा पेज काउंटर दोघांच्या सहीने नोंदवा. "लवकरात लवकर" काढा. "सकाळी कळवल्यास त्याच दिवशी, नाहीतर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत, तोवर दुरुस्त न झाल्यास बदली प्रिंटर" असं लिहा. पैसे तिमाहीला द्या. सगळे आधी दिले की फोन उचलायची घाई कुणाला नसते.

कॉलेजरोड_ताई: आमच्या क्लासचा इंकजेट आहे, सुट्टीत शाई वाळते. त्याचीही एएमसी होते का?

सातपूरचा_मेकॅनिक: ताई, त्याला एएमसी नको, आठवड्यातून एक रंगीत पान काढत जा.

ऑफिसवाली_अंबड: दादा, फोन करून विचारलं. पार्टसहित ४,५०० म्हणाले, म्हणजे १८,००० अधिक जीएसटी. जीएसटीचं क्रेडिट आम्हाला मिळतं, त्यामुळे खर्च गेल्या वर्षीइतकाच. बदली प्रिंटरही द्यायला तयार आहेत. पण रिफिल टोनर वापरला तर ड्रम आणि फ्यूजर करारात नाही म्हणतात. आम्ही सगळीकडे रिफिलच वापरतो.

सातपूरचा_मेकॅनिक: रिफिल त्यांच्याचकडून घेऊ, पण अट काढा, असं लिहून बघा. काही जण मानतात.

गोदाकाठ: आणि नाही मानलं तर? ओरिजिनल टोनरमध्येच सगळा हिशेब उलटेल की.