गाळा क्र. २ मधील पुस्तकभेटीबाबत : सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

अ-३०२ : नमस्कार. रविवारी पुस्तकांच्या दुकानात झालेल्या पुस्तकवाचनाच्या कार्यक्रमाला माझा विरोध नाही. परंतु संध्याकाळभर अनोळखी माणसे मागच्या फाटकावर येऊन रखवालदाराला दुकानाचा पत्ता विचारत होती, आणि आज इंस्टाग्रामवर टाकलेल्या छायाचित्रांत माझी सहा वर्षांची नात स्पष्ट ओळखू येते आहे. आम्हाला कोणी विचारले होते का?

क-५०१ : आणि पार्किंगचे काय? आमच्या जागेत बाहेरच्यांच्या गाड्या उभ्या होत्या.

दुकान, गाळा २ : काका, ते छायाचित्र इंस्टाग्रामवरून आत्ताच हटवले आहे. यापुढे लहान मुलांची छायाचित्रे पालकांनी होकार दिल्याखेरीज कुठेही जाणार नाहीत, आणि मोठ्यांपैकी ज्यांना छायाचित्र नको असेल त्यांना दारातच पिवळी टिकली देऊ, म्हणजे छायाचित्रे निवडताना कोणाला वगळायचे ते लगेच कळेल. मागच्या फाटकाचे कारण असे, की गुगलच्या नकाशावर दुकानाची खूण इमारतीच्या मागच्या अंगाला होती आणि नकाशा लोकांना तिकडूनच नेत होता. ती खूण आता गाळ्याच्या दारावर आणली आहे.

ब-१०४ : ताई, मुळात इतकी गर्दी झालीच कशी? तुमच्याकडे ३० खुर्च्या, आणि जिन्याच्या पायऱ्यांवर माणसे बसलेली. आम्हाला घरी जाताना वाट काढावी लागली.

दुकान, गाळा २ : नावनोंदणी आवश्यक आहे, हे मी निमंत्रणाच्या चित्राखालच्या मजकुरात लिहिले होते. व्हॉट्सॲपवर चित्र पुढे पाठवताना तो मजकूर गळून पडू शकतो आणि नुसते चित्र फिरत राहते. त्या चित्रावर ‘सर्वांचे स्वागत’ एवढेच होते. म्हणून १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनाच्या भेटीसाठी, तारीख, वार, वेळ, सुरुवातीसोबत समाप्तीही, आणि ‘नोंदणीशिवाय प्रवेश नाही’ हे सारे चित्रावरच छापणार आहे.

क-५०१ : पार्किंगचा उल्लेख त्यात दिसत नाही. मी पुन्हा विचारतो आहे.

ड-२०३ : गणपतीत मंडपाच्या गाड्या उभ्या राहतात तेव्हा आपण काही बोलत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

क-५०१ : गणपती सोसायटीचा आहे. दुकान खाजगी आहे.

सचिव : कृपया दोघांनीही विषय सोडू नये. ताई, ३० खुर्च्यांसाठी ३०च नावे घेणार का?

दुकान, गाळा २ : नाही, सर. विनामूल्य कार्यक्रमाला नाव देऊन न येणारे बरेच असतात. ३० नावे घेतली तर खुर्च्या रिकाम्या राहतात. ४० नावे घेऊन नोंदणीचा अर्ज बंद करीन, त्यानंतर कोणी थेट मला कळवले तर ते नाव प्रतीक्षा यादीत ठेवीन आणि आदल्या दिवशी प्रत्येकाला ‘येणार की नाही’ असे विचारीन. ३० होकार आले की तिथेच थांबायचे. कमी आले तरच यादीतून बोलावायचे. फिरणारे चित्र परत घेता येत नाही, परंतु त्यावरचा क्यूआर कोड अर्जाकडेच नेतो, आणि अर्ज बंद झाल्यावर तिथे ‘जागा भरल्या’ असे दिसेल.

ब-१०४ : हे पटले. मात्र आमच्या ग्रुपवर एकच निमंत्रण चार वेळा टाकू नये, अशी नम्र विनंती.

दुकान, गाळा २ : इथे एकदाच टाकीन. ग्राहकांना ब्रॉडकास्ट यादीतून कळवीन. मात्र तो संदेश ज्यांनी दुकानाचा क्रमांक आपल्या फोनमध्ये जतन केला आहे त्यांनाच पोहोचतो, म्हणून बिल करताना तसे सांगायला सुरुवात केली आहे. दहा दिवस आधी पहिली सूचना, तीन दिवस आधी कोणती पुस्तके वाचली जाणार ती यादी, आणि आदल्या दिवशी फक्त नोंदवलेल्यांना संदेश.

अ-३०२ : आणि नंतर? पुन्हा वीस छायाचित्रे?

दुकान, गाळा २ : नाही, काका. छायाचित्रे चारच, तीही पुस्तकांची आणि वाचणाऱ्यांची. रविवारनंतर मला सर्वाधिक फोन आले ते ‘त्या दिवशी कोणत्या पुस्तकांचा विषय निघाला’ हे विचारणारे होते, आणि ते बहुतेक न आलेल्यांचे होते. त्यामुळे दुसऱ्याच दिवशी चर्चेतल्या पुस्तकांची नावे, किमती आणि दुकानात प्रती आहेत की मागवाव्या लागतील, एवढे लिहिणार. इंस्टाग्रामची स्टोरी २४ तासांत निघून जाते, म्हणून ही यादी पोस्ट म्हणून आणि गुगलच्या प्रोफाइलवरही ठेवीन.

क-५०१ : पार्किंग.

दुकान, गाळा २ : ‘सोसायटीत पार्किंग नाही, वनाझ मेट्रो स्थानकावरून चालत यावे’ अशी ओळ चित्रावर घेते.

क-५०१ : ती तारखेच्या लगेच खाली असावी, तळाशी बारीक अक्षरांत नको.

सचिव : चित्राचा मसुदा आधी मला पाठवावा, मी तो इथे टाकीन.