मदत हवी आहे: वारीच्या वहीत मनातले बदल कसे टिपावेत?

आळंदी ते पंढरपूर पायी वारीसाठी वहीची मांडणी ठरवली आहे. डाव्या पानावर मुक्काम आणि वेळा, उजवं पान फक्त मनासाठी. सकाळी निघण्याआधी दोन ओळी: आज कशाची धास्ती वाटते. रात्री त्याखालीच, प्रत्यक्षात काय वाटलं. खोडाखोड नाही, कारण बदल त्या दोन नोंदींच्या फरकातच दिसतो.

अडचण दिवे घाटाच्या दिवसाची. पुणे ते सासवड टप्पा फार लांबचा, रात्री हात चालत नाही. दुसऱ्या दिवशी लिहिलं तर चिडचिड, हेवा गळून जातो आणि नुसतं ‘प्रसन्न वाटलं’ उरतं. मग विसाव्यालाच चार शब्द टिपून सासवडच्या जादा मुक्कामात ते उलगडावेत का? की तेव्हाही उशीरच होतो? वारीभर वही लिहिलेल्यांनी कृपया सांगावं. पावसात शाई फुटते म्हणून पेन्सिलच घेणार आहे.