शब्दचर्चा : मक्याच्या लाहीला ‘अख्खे धान्य’ म्हणावे काय?

शिक्षिका, दारव्हा तालुका : आमच्या शाळेच्या आहारफलकावर ‘अख्खे धान्य’ या मथळ्याखाली ज्वारी आणि बाजरीसोबत ‘पॉपकॉर्न’ असेही लिहिले आहे. सातवीतील एका मुलीने विचारले की, जो दाणा फुटून उलटापालटा झाला, तो अख्खा कसा? मला तिला नेमके उत्तर द्यायचे आहे.

किराणा दुकानदार, आर्णी : मॅडम, लाही म्हणजे केवळ फुगलेला गर असून साल गळून गेलेले असते, त्यामुळे फलक चुकला आहे असे मला वाटते. साळीच्या लाह्यांचे तूस आपण पाखडून टाकतोच. राहिला फुटण्याचा प्रश्न, तर तो केवळ पाण्याचा आहे. दाण्यातील पाण्याची वाफ झाली की दाणा फुटतो, आणि म्हणून ओलावा बरोबर ठेवल्यास कोणताही मका फुटेल.

निवृत्त कृषी सहायक, मूर्तिजापूर : दुकानदार भाऊंनी वाफेचे सांगितले ते खरे आहे, परंतु दोन ठिकाणी माझे मत वेगळे आहे. तूस हे साळीच्या दाण्याचे बाहेरचे वेष्टन असते आणि ते कोणीच खात नाही, तर मक्याचे साल हा दाण्याचाच कोंडा असतो. लाही खाताना दातांत अडकणारे पिवळसर पापुद्रे म्हणजे तोच कोंडा होय, आणि अंकुरही लाहीतच राहतो. धान्य अख्खे ठरते ते आकारावरून नव्हे, तर कोंडा, अंकुर आणि गर हे तिन्ही भाग मूळ प्रमाणात शिल्लक आहेत की नाहीत यावरून. म्हणूनच काहीही चाळून न टाकलेले ज्वारीचे पीठ अख्ख्या धान्याचे असते आणि अंकुर काढून केलेला मक्याचा रवा तसा नसतो. त्या मुलीला लाहीतील पापुद्रा काढून दाखवावा. वरून तूप, मीठ किंवा साखर घातली तर पदार्थाचा गुण बदलतो, धान्याचा प्रकार बदलत नाही.

आता फुटण्याविषयी. लाहीच्या मक्याचा दाणा लहान असून त्याच्या आतील गर जवळजवळ पूर्णपणे काचेसारखा कडक व घट्ट असतो, आणि साल जाड व चिवट असते. दाण्यात सुमारे 14 टक्के ओलावा असला की तापल्यावर वाफ आतच कोंडली जाते आणि गरातील पिष्ट मऊ होते. तापमान 180 अंश सेल्सियसच्या आसपास गेले की साल एकदम फाटते, मऊ पिष्ट फेसासारखे फुलते आणि क्षणात थंड होऊन तसेच घट्ट होते. कोंबडीखाद्याच्या मक्याच्या दाण्याला वर खळगा असतो, कारण त्याच्या मधोमध मऊ, पिठूळ गर असतो आणि तो वाळताना आकसतो. त्याचे साल लाहीच्या मक्याइतका दाब धरून ठेवत नाही. वाफ झिरपून निघून जाते आणि दाणा भाजतो किंवा तडकतो, पण फुलत नाही. ओलावा कितीही सुधारला तरी ही रचना बदलत नाही.

गृहिणी, उमरखेड : माझा प्रश्न मॅडमच्या प्रश्नाला धरून आहे की नाही, हे कळत नाही, तरी विचारते. लाहीचाच म्हणून विकत घेतलेला मका मी उन्हाळाभर पत्र्याखालच्या खोलीत उघड्या डब्यात ठेवला होता आणि आता त्यातील निम्मे दाणे फुटतच नाहीत. बियाणे खोटे निघाले काय, काका?

निवृत्त कृषी सहायक, मूर्तिजापूर : ताई, बियाण्यावर संशय घेण्याआधी ओलावा पाहावा. आपल्याकडच्या मे महिन्यात असा मका सहज सुकतो. समजा, एक किलो मक्याचा ओलावा 11 टक्क्यांवर आला आहे. त्यात कोरडा भाग 890 ग्रॅम असल्याने 14 टक्क्यांसाठी साधारण 35 ग्रॅम पाणी लागेल. एवढे पाणी घट्ट झाकणाच्या बरणीत दाण्यांवर शिंपडून बरणी हलवावी, पुढेही अधूनमधून हलवत राहावी आणि तीन-चार दिवसांनी मूठभर दाणे फोडून पाहावेत. लाह्या बारीक आणि चिवट झाल्या तर पाणी जास्त झाले असे समजावे, आणि मग दाणे सावलीत थोडे पसरावेत. ओलावा बरोबर असूनही काही दाणे तसेच राहिले, तर त्यांचे साल भिंगाखाली पाहावे. बारीकशी चीर असली तरी वाफ तिथून निघून जाते आणि त्या दाण्यावर उपाय नसतो.

किराणा दुकानदार, आर्णी : कोंड्याविषयी माझा आक्षेप मी मागे घेतो. तरीही आमच्या आजोळी लाल, बारीक दाण्याचा गावरान मका होता आणि तो चुलीवरच्या रेतीत फुटत असे. तो लाहीचा मका म्हणून कोणी वेगळा पेरत नव्हते. त्याचे काय?

निवृत्त कृषी सहायक, मूर्तिजापूर : कडक गराच्या काही गावरान वाणांचे दाणे थोडेफार फुलतात, मात्र त्यांची लाही लहान राहते. तो मका त्यांपैकी होता की खरोखर लाहीचाच, हे दाणा न पाहता मी सांगू शकत नाही. दाणा मधोमध कापून पाहिला आणि गर जवळजवळ सगळा काचेसारखा दिसला, तर तो लाहीचा असण्याची शक्यता अधिक. आत पांढरा पिठूळ भाग मोठा असेल, तर नव्हे.

शिक्षिका, दारव्हा तालुका : फलकावर ‘मक्याच्या लाह्या’ असे लिहून त्या अख्ख्या धान्यातच ठेवते. ‘अख्खे’ या शब्दाने मुलांचा गोंधळ होतो, म्हणून ‘संपूर्ण धान्य’ लिहावे, असे आमच्या मुख्याध्यापकांचे मत आहे. मला मात्र बोलण्यातला शब्द सोडवत नाही, आणि त्यावर आमचे अजून एकमत झालेले नाही.