बिबड्यांची ऑर्डर लांबली: गिऱ्हाइकाला मेल काय लिहायचा?

अमळनेरची_उन्हाळकामं
आम्ही तीन बाया मिळून बिबडे, उडदाचे पापड आणि कळण्याचं पीठ ऑनलाइन विकतो. आभाळ आल्यामुळे बिबडे वाळलेच नाहीत आणि ७२ किलोच्या ऑर्डरी पैशांसकट घेऊन बसलोय. पुण्याच्या एका ताईंची ऑर्डर आहे: १ किलो बिबडे ५२० रुपये, १ किलो पापड ४८०, २ किलो पीठ २४०, कुरिअर ११०, एकूण १३५०. पापड आणि पीठ तयार आहे. मी लिहिलेला मेल असा: "काही अपरिहार्य कारणांमुळे आपली ऑर्डर थोडी लांबणीवर पडली आहे. लवकरच पाठवू. सहकार्याबद्दल धन्यवाद." बरोबर आहे का? पैसे परत देण्याबद्दल लिहायचं की नाही, यावर आमच्यातच वाद आहे.

धुळे_मसालेवाला
मेल ठीक आहे, पैसे परतीचा विषय आपण होऊन काढू नका. ज्वारी घेऊन झाली, बायांची मजुरी दिली, पैसा मालात अडकलाय. "रद्द करा" हा पर्याय समोर ठेवला की दहातले चार जण तेच दाबतात. वर पेमेंट गेटवेवाले त्यांचं कमिशन परत देत नाहीत, ते आपल्याच अंगावर. आणि आभाळ काय आपण आणलं? नियमातही नैसर्गिक आपत्तीला सूट आहे.

जुनी_तक्रारखिडकी
मी बरीच वर्षं एका ऑनलाइन दुकानाच्या तक्रार विभागात काढली, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

भाऊंनी सांगितलेली सूट खरी आहे, पण अर्धीच. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत असं आहे की सांगितलेल्या मुदतीनंतर माल आला, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. आवाक्याबाहेरच्या आपत्तीने उशीर झाला असेल तर हे लागू नाही. आता चार दिवसांचं ढगाळ हवामान त्या आपत्तीत बसतं का? पूर आला, रस्ता तुटला, तर मी मान्य करीन. इथे वाळवण्याची जागा आहे त्याहून जास्त ऑर्डरी घेतल्या, हेही उशिराचं कारण आहे. त्या सुटीच्या भरवशावर मी तरी बसणार नाही.

ताई, तुमच्या मेलमध्ये सर्वांत मोठी उणीव आहे तारखेची. "लवकरच" वाचून गिऱ्हाईक थांबायचं की दुसरीकडून घ्यायचं, हे ठरवू शकत नाही. आधी हिशोब करा. एका वेळी तुमच्याकडे किती वाळतं?

अमळनेरची_उन्हाळकामं
गच्चीवर एका वेळी १२ किलो. कडक ऊन असेल तर दोन दिवस लागतात. पुण्याच्या ताईंचा नंबर लावला तर साधारण तिसाव्या किलोत येतो.

जुनी_तक्रारखिडकी
म्हणजे त्या तिसऱ्या खेपेत. उन्हाचे सहा दिवस, गार करून पॅक करायला एक, पुण्याला कुरिअरचे तीन, झाले दहा. आभाळाचे आणखी दोन धरा. आज ४ एप्रिल, तर १६ येते. मेलमध्ये "१८ एप्रिलपर्यंत हातात" लिहा. दोन दिवस लवकर पोचलं तर कोणी भांडत नाही. ७२ किलोच्या शेवटच्या माणसाला मात्र हीच तारीख देऊ नका. त्याची खेप सहावी, त्याच हिशोबाने त्याची तारीख २४. सगळ्यांना एकच मेल ढकलला की घोळ तिथेच होतो.

मी असा लिहीन:

"विषय: ऑर्डर १८२, बिबडे १८ एप्रिलपर्यंत पोचतील, तुमचा निर्णय कळवा

ताई, नमस्कार. ढगाळ हवेमुळे बिबडे वेळेत वाळले नाहीत, त्यामुळे ठरलेल्या दिवशी पाठवता आले नाहीत. क्षमस्व. पापड आणि पीठ तयार आहे. खालीलपैकी काय करू, ते याच मेलला १, २ किंवा ३ असं उत्तर देऊन ७ एप्रिलपर्यंत सांगा.
१. पापड, पीठ लगेच पाठवतो, बिबडे मागाहून. दुसऱ्या कुरिअरचा खर्च आमचा.
२. बिबडे रद्द. ५२० रुपये परत, बाकीचा माल लगेच.
३. पूर्ण ऑर्डर रद्द. कुरिअरसकट १३५० रुपये परत.
पैसे तुम्ही ज्या खात्यातून भरले त्यातच येतील. आम्ही त्याच दिवशी पाठवू, बँकेकडून जमा व्हायला पाच ते सात कामाचे दिवस लागू शकतात. ७ तारखेपर्यंत उत्तर आलं नाही तर पर्याय १ धरू. तरीही पार्सल निघेपर्यंत बिबडे कधीही रद्द करता येतील."

पार्सल_शोधतोय
माझंही पार्सल भुसावळला चार दिवस अडकलंय, ट्रॅकिंग हलत नाही. कोणाला मेल करू?

जुनी_तक्रारखिडकी
दादा, तुमचा माल निघालाय, इथे तो बनलेलाच नाही. तुम्ही ट्रॅकिंग नंबर घेऊन विक्रेत्याला गाठा. कुरिअरवाला त्याचं ऐकेल.

रावेर_केळीबाग
गिऱ्हाइकाच्या बाजूने सांगतो. ठिबकच्या फिल्टरची जाळी ऑनलाइन मागवली होती. पैसे भरले आणि मेल आला, "स्टॉक येताच पाठवू". केळीला पाणी लागतं ते रोज, थांबून चालत नाही. तीन आठवडे लागणार हे पहिल्या दिवशी कळलं असतं तर जळगावहून महाग जाळी आणली असती. रोज उद्या येईल म्हणत बसलो आणि ड्रीपर चोंदले. पैसे परत मिळाले, पण चोंदलेल्या नळ्या साफ करायची मजुरी कोण देणार? तारीख द्या, मग ती लांबची असली तरी चालेल.

धुळे_मसालेवाला
तारखेचं पटलं. पण उत्तर न देणाऱ्याला "पर्याय १ धरू" हेही चूकच वाटतं. मेल स्पॅममध्ये गेला असेल, ताईंना आखाजीला द्यायचे असतील, माल उशिरा गेला तर तिथेही भांडण. आणि दुसऱ्या कुरिअरचे ११० रुपये तुम्ही सहज लिहून टाकलेत. ५२० च्या बिबड्यांवर राहतं किती?

जुनी_तक्रारखिडकी
गप्प राहण्याबद्दल तुमचं म्हणणं वजनदार आहे. अमेरिकेत टपालाने माल विकणाऱ्यांसाठी १९७५ साली नियम झाला. त्यात पहिला उशीर ३० दिवसांच्या आत असेल तर गिऱ्हाइकाचं मौन होकार धरतात. पुन्हा उशीर झाला तर मात्र स्पष्ट होकार लागतो, नाहीतर पैसे परत. आपल्याला तो लागू नाही, पण विभागणी मला रास्त वाटते. १८ एप्रिल हुकला तर दुसऱ्या मेलमध्ये "उत्तर नसेल तर रद्द धरू" असंच लिहायचं. आणि मेलसोबत एक फोन करा, ७२ किलोची गिऱ्हाइकं काही हजारांत नसतात.

कुरिअरचा खर्च खरंच बोचतो. पण उशीर आपल्याकडून झाला आणि भुर्दंड त्यांच्यावर, हे मला पटत नाही. फार तर "सगळं एकत्र १८ पर्यंत पोचवू" हा चौथा पर्याय द्या, पुष्कळ जण तोच घेतील.

नंदुरबारची_सुगरण
तारखेच्या धाकाने ओले बिबडे पिशवीत भरू नका एवढंच सांगते. कडेला मोडला की कट्ट आवाज यायला हवा. मध्ये वाकला तर दमट आहे, आठवड्यात बुरशी धरेल आणि तळताना फुलणारही नाही. मग उशिराचा मेल परवडला असं होईल.

अमळनेरची_उन्हाळकामं
फोन आजपासून सुरू करते. चौथा पर्याय घालणार. बोलणी न होणाऱ्यांचं काय धरायचं, यावर आमच्या दोघींचं अजून जमत नाही, एकीला सरळ पैसे परत करावेसे वाटतात.

धुळे_मसालेवाला
तिचं ऐका, पण ऑर्डर घेणं आधी बंद करा. साइटवर बिबड्यांचं बटन अजून चालूच दिसतंय.